कौटुंबिक छायाचित्र जास्त गुळगुळीत झाले असल्यास स्टुडिओला पत्र कसे लिहावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुडिओतून आलेल्या कौटुंबिक छायाचित्रात चेहरे इतके साफ केलेले असतात की घरचीच माणसे ओळखीची वाटत नाहीत, अशा वेळी स्टुडिओला नेमके काय आणि कसे लिहावे, याबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझे बरेचसे काम रीटचिंगचे, म्हणजे काढलेला फोटो संगणकावर साफ आणि दुरुस्त करण्याचे आहे, त्यामुळे अशी पत्रे वाचून त्यांनुसार फाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बाजूनेही येथे विचार केला आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फोटो खरोखरच जास्त गुळगुळीत केला आहे की मलाच तसे वाटते आहे, हे कसे ठरवू?

चेहऱ्याची तुलना आठवणीतल्या चेहऱ्याशी न करता त्याच फोटोतल्या इतर गोष्टींशी करावी. स्टुडिओने दिलेली फाइल संगणकावर उघडून शंभर टक्के आकारात पाहावी आणि एकाच व्यक्तीची त्वचा, पापण्या, केस, हात आणि कपड्याची वीण क्रमाने न्याहाळावी. पापण्यांचा एकेक केस मोजता येतो, सदऱ्याची वीण दिसते, हातांवरच्या शिरा उठून दिसतात, पण गालावर आणि कपाळावर मात्र एकही रेषा किंवा रंगाचा चढउतार नाही, असे असेल तर त्वचेवर जास्त काम झाले आहे, यात शंका राहत नाही.

आणखी काही जागा हमखास बोलतात. कपाळावर जेथे केस सुरू होतात तेथे बारीक केस पुसट होऊन त्वचेत मिसळलेले दिसतात. चष्म्याच्या काडीलगत त्वचेच्या रंगाची धूसर किनार येते. नाकपुडीच्या बाजूची सावली आणि ओठांच्या कोपऱ्यातली घडी नाहीशी झाल्यामुळे चेहरा सपाट वाटतो, आणि हसताना गालावर पडणारी रेष नाकापासून निघून मध्येच तुटते. दाढीचे खुंट असलेल्या माणसाच्या हनुवटीवर केवळ करड्या रंगाचा डाग उरतो.

मात्र शंभर टक्के आकारात पाहणे हे निदानासाठी असते, निवाड्यासाठी नव्हे. मोठ्या प्रिंटची फाइल पडद्यावर या आकारात प्रत्यक्ष प्रिंटपेक्षा पुष्कळ मोठी दिसते आणि तेवढ्या जवळून प्रिंट कोणी पाहत नाही. म्हणून शेवटी प्रिंट हातभर अंतरावर धरून पाहावी. तेथूनही चेहरा खटकत असेल तर तक्रार रास्त आहे आणि पत्रात तसे स्पष्ट लिहावे.

२. हा फोकस चुकल्याचा किंवा प्रिंटिंगचा दोष असू शकतो का?

असू शकतो, आणि पत्र पाठवण्याआधी ही शक्यता तपासली नाही तर स्टुडिओ पहिल्याच उत्तरात तुमचा मुद्दा खोडून काढू शकतो. फोकस चुकला असेल तर त्या व्यक्तीच्या पापण्या, केस आणि दागिने हेदेखील त्वचेइतकेच मऊ दिसतात. रीटचिंगमध्ये त्वचा तेवढी मऊ होते आणि तिच्या शेजारची पापणी धारदार राहते. माणूस हलला असेल तर सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसतात.

प्रिंटबाबत एकच कसोटी पुरेशी आहे. फाइलमध्ये सुरकुत्या दिसतात आणि प्रिंटमध्ये दिसत नाहीत, असे असेल तर दोष छपाईचा, कागदाचा किंवा वरच्या लॅमिनेशनचा आहे. जाड पोताच्या कॅनव्हासवरही बारीक तपशील हरवतात. अशा वेळी रीटचिंगची तक्रार न करता पुन्हा छापून देण्याची विनंती करावी.

मेसेजिंग अॅपवरून आलेला फोटो पाहून मात्र कोणताच निष्कर्ष काढू नये. फोटो पाठवताना ही अॅप्स तो सहसा आकाराने लहान करतात आणि दाबून पाठवतात. त्यात त्वचेचे बारीक तपशील सर्वांत आधी जातात. फाइल ईमेलने, लिंकवरून किंवा अॅपमध्ये दस्तऐवज म्हणून मागवावी.

३. फोन केला तर चालणार नाही का? पत्रच कशाला?

फोन जरूर करावा, पण त्यानंतर लेखी पाठवावे. फोन घेणारी व्यक्ती आणि रीटचिंग करणारी व्यक्ती बहुतेक वेळा वेगळ्या असतात. तुम्ही पाच मिनिटे सांगितलेले दुसऱ्या टोकाला “चेहरे जरा नैसर्गिक करा” एवढेच होऊन पोहोचते. ईमेल हेही पत्रच आहे आणि त्याला फोटोवर खुणा करून जोडता येतात, म्हणून या कामासाठी तेच अधिक सोयीचे.

४. पत्रात कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने याव्यात?

विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक आणि मागणी असावी, केवळ “तक्रार” असे नसावे. पहिल्या परिच्छेदात फोटो कधी काढला, कोणता आकार घेतला आणि तो कधी मिळाला, हे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला काम शोधावे लागत नाही. फोटोत काही खरोखर चांगले असेल तर ते त्यानंतर एका वाक्यात सांगावे. यात खुशामत नसते. प्रकाश, मांडणी आणि हावभाव पसंत आहेत हे कळले की पुन्हा फोटो काढायचा नसून फक्त रीटचिंग बदलायचे आहे, हे स्टुडिओच्या लगेच लक्षात येते.

त्यानंतर दोष यावेत, आणि ते व्यक्तीनुसार यावेत. त्याविषयी पाचव्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. मग मागणी, मग दुरुस्त नमुना आधी पाहायला मिळावा ही विनंती, आणि शेवटी उत्तराची अपेक्षित तारीख. स्टुडिओच्या इतर गैरसोयी, म्हणजे उशीर झाला, थांबावे लागले वगैरे, या पत्रात आणू नयेत. त्या खऱ्या असल्या तरी स्टुडिओ मग त्यांचेच उत्तर देतो आणि चेहऱ्यांचा मुद्दा बाजूला पडतो.

५. “सगळे चेहरे प्लास्टिकसारखे दिसतात” असे लिहिले तर पुरेसे नाही का?

भावना पोहोचते, पण काम होत नाही. हे वाक्य वाचून रीटचिंग करणारा माणूस बहुधा एकच करील. त्वचेच्या थराची तीव्रता सगळ्यांसाठी सरसकट थोडी कमी करील आणि फाइल परत पाठवील. त्याने लहान मुलांच्या चेहऱ्यात काही फरक पडणार नाही आणि आजींचा चेहरा तरीही त्यांचा वाटणार नाही.

हे समजण्यासाठी रीटचिंगची एक प्रचलित पद्धत माहीत असणे उपयोगी पडते. तिच्यात फोटोचे दोन भाग केले जातात. एका थरात रंग आणि सावल्यांचे मोठे, संथ चढउतार असतात. दुसऱ्या थरात त्वचेचा पोत, बारीक रेषा आणि केस असतात. काळजीपूर्वक काम करणारा पहिल्या थरात डाग आणि लालसरपणा एकसारखा करतो आणि दुसऱ्या थराला फारसा हात लावत नाही. घाईत मात्र दोन्ही थर पुसट केले जातात, किंवा एकच तयार फिल्टर सगळ्यांच्या त्वचेवर फिरवला जातो. पहिला थर जास्त पुसला की चेहरा सपाट होतो, कारण गालाचा उंचवटा आणि डोळ्याखालची खोली सावलीमुळेच कळते. दुसरा थर पुसला की त्वचा निर्जीव दिसते.

म्हणून पत्रात “सपाट” आणि “गुळगुळीत” या दोन तक्रारी वेगळ्या मांडाव्यात. “वडिलांच्या गालांखालची सावली गेल्यामुळे चेहरा रुंद आणि सपाट दिसतो” हे वाक्य वाचून काय करायचे ते कळते. “आजींच्या डोळ्यांच्या कडेच्या आणि कपाळावरच्या रेषा पूर्ण गेल्या आहेत, त्या परत हव्यात” हेही तितकेच स्पष्ट आहे. शक्य असेल तर फोटोची एक प्रत घेऊन तिच्यावर अंक टाकावेत आणि पत्रात तेच अंक वापरावेत.

६. पुढे बसलेल्यांचे चेहरे ठीक आहेत, पण मागच्या रांगेतले फारच बिघडले आहेत. असे का होते?

सगळ्या चेहऱ्यांवर एकाच मापाचे स्मूदनिंग, म्हणजे त्वचा गुळगुळीत करण्याचे काम, केल्याने असे होते. स्मूदनिंगचे माप पिक्सेलमध्ये असते आणि पुढे-मागे असलेले चेहरे फोटोत लहान-मोठे असतात. समजा, प्रिंटमध्ये पुढच्या रांगेतला चेहरा दीड इंच रुंद आहे आणि मागचा एक इंच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर पुढचा चेहरा ४५० पिक्सेल रुंद आणि मागचा ३०० पिक्सेल रुंद ठरतो. सहा पिक्सेलचे स्मूदनिंग दोघांवर सारखेच फिरवले तर मागच्या चेहऱ्याच्या मानाने ते दीडपट भारी पडते. पुढच्या व्यक्तीची जी रेष थोडी मऊ होते, ती मागच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरून पुसली जाते.

याच हिशेबातून एक मर्यादाही कळते आणि ती पत्र लिहिताना लक्षात ठेवावी. माणसाचा चेहरा साधारण १५ सेंटिमीटर रुंद धरला तर ३०० पिक्सेलच्या चेहऱ्यात एक पिक्सेल अर्धा मिलिमीटर त्वचा दाखवतो. त्वचेवरची छिद्रे याहून बारीक असतात. म्हणजे मोठ्या गटाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या त्वचेची छिद्रे मुळातच टिपली गेलेली नसू शकतात आणि ती कोणीही परत आणू शकत नाही. तेथे मागायच्या त्या घड्या, सुरकुत्या, तीळ, खुंटांचा रंग आणि गालावरच्या सावल्या. पत्रात “मागच्या रांगेतील चेहऱ्यांवर त्यांच्या आकाराच्या मानाने कमी स्मूदनिंग करावे” असे एक वाक्य टाकले तर ते थेट कामाचे ठरते.

७. पूर्ण पत्राचा एखादा नमुना मिळेल का?

पुढील पत्र सात जणांच्या कुटुंबाचे आहे. पुढे आजी-आजोबा आणि दोन मुले बसली आहेत, मागे आई, वडील आणि काका उभे आहेत. प्रिंट १२ × १८ इंचांची आहे. आजोबांच्या भुवईवर जुना व्रण आहे, काकांनी बारीक दाढी राखली आहे.

प्रति,
व्यवस्थापक,
(स्टुडिओचे नाव)

विषय : ऑर्डर क्रमांक (…) मधील कौटुंबिक छायाचित्राचे रीटचिंग नव्याने करून मिळण्याबाबत विनंती.

महोदय / महोदया,

आपल्या स्टुडिओत दिनांक (…) रोजी आम्ही सात जणांचे कौटुंबिक छायाचित्र काढून घेतले होते. त्याची १२ × १८ इंचांची प्रिंट आणि डिजिटल फाइल आम्हाला दिनांक (…) रोजी मिळाली. छायाचित्राची मांडणी, प्रकाशयोजना आणि सर्वांचे हावभाव आम्हाला मनापासून आवडले आहेत आणि त्यात कोणताही बदल नको आहे.

चेहऱ्यांवरील रीटचिंग मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त झाले आहे. प्रिंट हातभर अंतरावरून पाहतानाही ते जाणवते. फाइलमध्ये पापण्या, केस आणि कपड्यांची वीण स्पष्ट आहे, त्यामुळे हा फोकसचा किंवा छपाईचा दोष नसावा, असे आम्हाला वाटते. सोबत जोडलेल्या प्रतीवर अंक टाकले आहेत. त्यांनुसार तपशील असा आहे.

अंक १, आजी : कपाळावरच्या, डोळ्यांच्या कडेच्या आणि ओठांभोवतीच्या सर्व रेषा गेल्या आहेत. हातांवरची त्वचा आहे तशी असल्यामुळे चेहरा आणि हात एकाच व्यक्तीचे वाटत नाहीत. या रेषा मूळ फोटोप्रमाणे ठेवाव्यात.

अंक २, आजोबा : डाव्या भुवईवरचा व्रण पुसला गेला आहे. तो त्यांची ओळख असल्यामुळे पूर्ववत हवा आहे. चष्म्याच्या काडीलगतची धूसर किनारही काढावी.

अंक ३ व ४, मुले : त्वचेवर कोणतेही स्मूदनिंग नको. मोठ्या मुलाच्या हनुवटीवरचा ताजा ओरखडा काढला आहे, तो तसाच काढलेला राहू द्यावा.

अंक ५ व ६, आई आणि वडील : गालांखालच्या आणि नाकाच्या बाजूच्या सावल्या गेल्यामुळे चेहरे सपाट दिसतात. डोळ्यांखालचा काळसरपणा थोडा सौम्य केलेला चालेल, पण तेथील घडी राहावी.

अंक ७, काका : दाढीचे केस पुसट होऊन तेथे करडा पट्टा दिसतो. दाढीवर स्मूदनिंग नको.

आमची विनंती अशी आहे की, सध्याच्या तयार फाइलवर दुरुस्ती न करता मूळ फाइलवरून रीटचिंग नव्याने करावे, मागच्या रांगेतील चेहऱ्यांवर त्यांच्या आकाराच्या मानाने कमी स्मूदनिंग करावे आणि पुन्हा छापण्यापूर्वी पूर्ण आकाराची नमुना फाइल आम्हाला पाहण्यासाठी पाठवावी. आम्ही ती मिळाल्यापासून दोन दिवसांत उत्तर देऊ. आधीची प्रिंट आपल्याला हवी असल्यास ती परत करण्याची आमची तयारी आहे.

हे काम कधीपर्यंत होऊ शकेल, हे कृपया दिनांक (…) पर्यंत कळवावे. काही शंका असल्यास फोनवर बोलण्यासही आम्ही केव्हाही उपलब्ध आहोत.

कळावे,
आपला विश्वासू / आपली विश्वासू,
(नाव आणि संपर्क)

सोबत : अंक टाकलेली प्रत.

८. इतके सौम्य पत्र लिहिले तर ते गांभीर्याने घेतील का?

पत्राचे वजन त्यातल्या तपशिलामुळे ठरते. वरच्या नमुन्यात राग कोठेही नाही, तरी कोणता दोष कोठे आहे, काय हवे आणि कधीपर्यंत हवे, यातून पळवाट काढायला जागा नाही. “तुम्ही चेहऱ्यांची वाट लावली” असे लिहिल्यावर वाचणारा माणूस आपला बचाव करू लागतो. “रीटचिंग आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त झाले आहे” असे लिहिल्यावर तो फाइल उघडून पाहतो.

विनंती आणि संदिग्धता यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. “जमल्यास”, “शक्य असेल तर थोडेसे”, “तुम्हाला योग्य वाटेल तसे” हे शब्द मागणीच्या वाक्यात आले की मागणीच विरघळते.

९. “मूळ फाइलवरून नव्याने करावे” यावर इतका भर का?

कारण पुसलेला तपशील तयार फाइलमध्ये शिल्लक नसतो. त्या फाइलला शार्पनिंग दिले तर कडांचा गडद-फिकटपणा वाढतो, सुरकुती परत येत नाही. त्यावर बारीक दाणा टाकला तर त्वचा लांबून पोतदार भासते, पण तो पोत आजींच्या आणि नातवाच्या गालावर अगदी सारखाच असतो आणि डोळ्यांना ते लगेच कळते. कमी वेळात दुरुस्ती दाखवण्याचा हा सोपा मार्ग असल्याने तो नको, हे आधीच लिहिलेले बरे.

स्टुडिओने थरांसह फाइल जपून ठेवली असेल तर काम आणखी सोपे आहे. त्वचेच्या थराची तीव्रता प्रत्येक चेहऱ्यासाठी वेगळी कमी करता येते आणि खालचा मूळ चेहरा जिवंत होतो. कोणता मार्ग घ्यायचा हे त्यांच्यावर सोडावे. तुमची अट एवढीच असावी की त्वचा खऱ्या फोटोतली असावी.

१०. “जरा छान करा” असे आम्हीच सांगितले होते. आता तक्रार करता येईल का?

करता येईल, पण ती गोष्ट लपवू नये. पत्रात असे लिहावे : “छायाचित्र काढताना आम्ही थोडे रीटचिंग करण्यास सांगितले होते, हे खरे आहे. आमच्या मनात तात्पुरते डाग आणि त्वचेवरची चमक कमी करणे एवढेच होते. ते आम्ही त्या वेळी स्पष्ट करायला हवे होते.” यानंतर सातव्या उत्तरातील नमुन्याप्रमाणे तपशील द्यावा. अशा प्रसंगी नव्या प्रिंटच्या खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवणे मला न्याय्य वाटते, कारण स्टुडिओने सांगितलेलेच काम केले आहे, फक्त त्याचे प्रमाण चुकले आहे.

११. आम्ही नमुना पाहून होकार दिला होता आणि मगच प्रिंट झाली. मग?

नमुना कशावर पाहिला होता, हे पाहावे. पूर्ण आकाराची फाइल मोठ्या पडद्यावर पाहून होकार दिला असेल तर पुन्हा करून देण्याचा आग्रह धरता येत नाही, फक्त विनंती करता येते. फोनवर आलेल्या लहान चित्रावरून होकार दिला असेल तर मात्र चेहऱ्यांचे तपशील त्यात दिसण्याची शक्यताच नव्हती, हे सभ्यपणे मांडता येते. “आपण पाठवलेला नमुना लहान आकाराचा होता, त्यामुळे त्वचेवरचे काम आमच्या लक्षात आले नाही” एवढे पुरते.

१२. घरात एकमत नाही. आईला तिचा चेहरा असाच आवडला आहे, बाकीच्यांना नाही. काय लिहावे?

तसेच लिहावे. प्रत्येक चेहऱ्यावर वेगळे काम करता येते आणि एकाचा चेहरा जसाच्या तसा ठेवून इतरांचे बदलणे ही रोजची गोष्ट आहे. अडचण येते ती चेहरे शेजारी-शेजारी असताना. एक अगदी नितळ आणि लगतचा सुरकुत्यांसह नैसर्गिक, असे झाले की दोन्ही विचित्र दिसतात. अशा वेळी आईच्या चेहऱ्यावरचे स्मूदनिंग निम्म्यावर आणावे, असे सुचवता येते. मात्र तिला विचारूनच सुचवावे. आपल्या चेहऱ्याचे काय करायचे हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याचा चेहरा त्याचाच आहे, आणि पत्रावर सगळ्यांच्या वतीने सही करण्याआधी सगळ्यांना ते वाचून दाखवलेले चांगले.

१३. काय काढावे आणि काय ठेवावे, याचा काही सर्वसाधारण नियम आहे का?

दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाणाऱ्या गोष्टी काढाव्यात, कायमच्या गोष्टी विचारल्याशिवाय काढू नयेत, हा रीटचिंगमधला जुना आणि शहाणा संकेत आहे. मुरूम, ओरखडा, डास चावल्याची खूण पहिल्या गटात येते. तीळ, व्रण, जन्मखूण, खळी आणि सुरकुत्या दुसऱ्या गटात येतात. पत्रात हा संकेत एका ओळीत सांगून अपवाद तेवढे व्यक्तीनुसार लिहिले तरी चालते. माणसे जास्त असतील तर हाच मार्ग सोपा पडतो.

१४. मूळ फाइल आता उरलेली नाही, असे स्टुडिओने कळवले. मग पत्र लिहून काही उपयोग आहे का?

आहे. प्रथम नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात : कॅमेऱ्यातून आलेली मूळ म्हणजे रॉ फाइल, थरांसह जतन केलेली फाइल, किंवा निवडीसाठी तुम्हाला दाखवलेली रीटचिंगपूर्वीची प्रत यांपैकी काही उरले आहे का? रॉ फाइलवर केलेले रंग-प्रकाशाचे बदल साधारणपणे सूचनांच्या रूपात साठवले जातात आणि मूळ नोंद तशीच राहते. म्हणून रॉ फाइल सापडली तर सगळेच सापडले.

हे तिन्ही नसेल तर त्याच बैठकीतले शेजारचे फोटो विचारावेत. गटाचे फोटो लागोपाठ अनेक काढलेले असतात आणि त्यांपैकी एखाद्यात आजींचा चेहरा त्याच कोनात असतो. तो घेऊन या फोटोत बसवता येतो. कोणतीच फाइल नसेल तर या फोटोचे रीटचिंग खऱ्या अर्थाने मागे घेता येत नाही. त्या स्थितीत नव्याने फोटो काढून देण्याची विनंती करावी.

१५. आम्हीच रॉ फाइल मागून दुसरीकडे काम करून घेऊ का?

विचारायला हरकत नाही, पण बरेच फोटोग्राफर रॉ फाइल देत नाहीत आणि आधी ठरलेले नसेल तर त्यांचा नकार गैर म्हणता येत नाही. शिवाय पहिल्याच पत्रात ही मागणी आली की विश्वास तुटल्याचा सूर लागतो. आधी दुरुस्ती मागावी. ती दोनदा फसली तर रीटचिंग न केलेली पूर्ण आकाराची जेपीईजी प्रत मागावी, कारण ती देणे स्टुडिओला तुलनेने सोपे जाते.

१६. दुरुस्त नमुना आला. तो कसा तपासावा?

आधीची आणि नवी फाइल एकाच आकारात शेजारी-शेजारी उघडावी आणि पत्रातल्या अंकांच्या क्रमानेच पाहावे. तीन जागा विसरू नयेत : चेहरा आणि गळा यांची सीमा, केसांची सुरुवात आणि चष्म्याची कड. त्यानंतर दोन व्यक्तींच्या गालांवरचा पोत ताडून पाहावा. तो हुबेहूब सारखा असेल तर खरी त्वचा परत आलेली नसून नवव्या उत्तरात सांगितलेला दाणा टाकलेला आहे.

कधी उलटही होते. तक्रारीमुळे बिचकून सगळे रीटचिंगच काढून टाकलेले असते आणि मुरूम, कपाळावरची चमक, डोळ्यांतली लाली असे सगळे उघडे पडते. तेव्हा चिडून दुसरे पत्र लिहू नये. “रेषा आता हव्या तशा आल्या आहेत. आता फक्त अंक ४ चा ओरखडा आणि अंक ६ च्या कपाळावरची चमक पूर्वीप्रमाणे कमी करावी” असे दोन ओळींत कळवले की काम संपते. पसंती कळवतानाही लेखीच कळवावे, आणि कोणती फाइल पसंत आहे ते तिच्या नावासह लिहावे, नाहीतर जुनीच फाइल पुन्हा छपाईला जाण्याचा धोका असतो.

१७. पत्राला उत्तरच आले नाही. दुसरे पत्र कसे लिहावे?

पहिल्या पत्रात दिलेली तारीख उलटून गेल्यावर दोन-तीन दिवस थांबून लिहावे. नव्याने सगळे सांगू नये. पहिले पत्र जोडावे, त्याची तारीख द्यावी आणि एकच प्रश्न विचारावा : “आमच्या विनंतीवर आपण काय ठरवले आहे, हे कृपया दिनांक (…) पर्यंत कळवावे.” मूळ फाइल तोवर जपून ठेवावी, ही ओळ या पत्रात अवश्य असावी, कारण जागा रिकामी करण्यासाठी स्टुडिओ जुन्या फाइल काढून टाकतात आणि उशिराचे खरे नुकसान तेच असते.

१८. फोटोतली व्यक्ती आता हयात नाही. तेव्हा पत्रात काही वेगळे लिहावे का?

हो, आणि ते सुरुवातीलाच लिहावे. अशा वेळी नव्याने फोटो काढण्याचा पर्याय नसतो आणि शेजारच्या फोटोंसह सगळ्या मूळ फाइलींना वेगळेच मोल येते. ही एक गोष्ट कळली की बहुतेक स्टुडिओ नेहमीच्या मुदतीपलीकडे जाऊन जुन्या साठ्यात शोध घेतात, असा माझा अनुभव आहे. पत्रात त्या व्यक्तीच्या चेहऱ्याचा तपशील नेहमीपेक्षा अधिक द्यावा आणि दोन-तीन साधे, रीटचिंग न केलेले फोटो सोबत जोडावेत. त्यांतून रीटचिंग करणाऱ्याला खरी रेष कोठे होती ते समजते. मात्र त्या फोटोंवरून नवा चेहरा रंगवू नये, ते फक्त पडताळणीसाठी आहेत, असे स्पष्ट लिहावे. त्या बैठकीतले त्या व्यक्तीचे सगळे फोटो, न निवडलेलेही, मिळू शकतील का, हेही याच पत्रात विचारावे. त्यासाठी वेगळा मोबदला देण्याची तयारी असल्यास तसे नमूद करावे.